चवथीच्या सुट्टीत डिस्पॅचचं काम सहकाऱ्याकडे सोपवताना: विचारायचं कसं, लिहून द्यायचं काय

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मूळ घरात गणपती पाच दिवस असतो. तेवढे दिवस मला कुंडईच्या कारखान्यातून सुट्टी लागतेच. आमचा कारखाना छोटा आहे, पुठ्ठ्याची खोकी बनवतो. माझ्याकडे बिलिंग आणि डिस्पॅच आहे. म्हणजे टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल बनवायचं, माल रस्त्याने न्यायला सरकारी पोर्टलवर ई-वे बिल काढायचं, गाडी भरून झाली की गेटपास द्यायचा. वरून पाहिलं तर हे काम कुणीही दोन-चार दिवस सांभाळेल असं वाटतं. 2025च्या चवथीपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

त्या वर्षी चवथ 27 ऑगस्टला होती. जाताना मी माझा ई-वे बिल पोर्टलचा युजर आयडी आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून स्टोअरमधल्या सहकारिणीला दिला आणि घरी गेले. 29 तारखेला, शुक्रवारी, बेळगावची गाडी अकरा वाजता भरून तयार झाली. तिने लॉगिन केलं आणि पोर्टलने ओटीपी मागितला. 1 एप्रिल 2025पासून हा ओटीपी सगळ्या करदात्यांना बंधनकारक झालेला होता. मी रोज तो टाकत होते, हाताला इतका सवयीचा झाला होता की चिठ्ठीत लिहायचं सुचलंच नाही. ओटीपी येणार माझ्या मोबाइलवर, आणि मोबाइल होता आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर. तिथे नेटवर्क नाही. देवळापर्यंत चढून गेलं तर मिळतं. तीन वाजता मी देवळात गेले तेव्हा अकरा मिस्ड कॉल दिसले. गाडी साडेतीनला सुटली, आणि बेळगावच्या बेकरीवाल्यांना खोकी वेळेवर पोचली नाहीत. ड्रायव्हरचं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकलं ते तिने. चूक पूर्णपणे माझी होती.

त्यानंतर मी पद्धत बदलली आणि नाताळात तिचं काम घेताना ती वापरून पाहिली. यंदा चवथ 14 सप्टेंबर 2026ला, सोमवारी आहे. आमचा कारखाना 14 आणि 15ला बंद असतो. पाच दिवसांचं विसर्जन 18ला, शुक्रवारी. म्हणजे मला शनिवार 12, बुधवार 16, गुरुवार 17 आणि शुक्रवार 18 असे कामाचे चार दिवस हवेत, शनिवारी 19ला मी हजर. याच चार दिवसांची तयारी इथे सांगते. तुमचं काम वेगळं असेल, तपशील वेगळे असतील, पण अडतं ते याच जागी.

आधी आपलं काम कागदावर उतरवा

कुणाला विचारायच्या आधी, चार दिवसांत नेमकं काय सोपवायचं आहे हे मला स्वतःला माहीत हवं. आठवून लिहायला बसलं की आपण मोठी कामं लिहितो आणि हाताच्या सवयीची कामं सुटतात. माझा ओटीपी सुटला तो असाच. म्हणून मी एक आठवडा टेबलावर वही उघडी ठेवते आणि जे केलं ते वेळेसकट त्यात टिपते. 'दहा वाजता प्रॉडक्शनकडून पॅकिंग स्लिप.' 'सव्वादहाला ड्रायव्हरचं लायसन्स पाहिलं.' 'साडेचारला ट्रान्सपोर्टवाल्याला उद्याच्या गाडीचा फोन.' तिसऱ्या-चौथ्या दिवशी अशा गोष्टी सापडायला लागतात ज्या आपण काम म्हणून धरतच नाही. संध्याकाळचा तो फोन त्यातलाच. तो केला नाही तर दुसऱ्या दिवशी गाडीच येत नाही.

मग त्या यादीतलं एकेक काम घेऊन मी विचारते, हे चार दिवस झालंच नाही तर काय होईल? बिल, ई-वे बिल, गेटपास आणि गाडीचा फोन थांबवता येत नाहीत, हे सहकारिणीकडे जातात. फाइलिंग, जुन्या बिलांची जुळवणी, गिऱ्हाइकांचे हिशोबाचे मेल थांबू शकतात, ते मी 19नंतर करते. आणि काही कामं थांबू शकत नाहीत, पण तिच्या अंगावर टाकणंही बरोबर नाही: दरात सूट, उधारी संपलेल्या गिऱ्हाइकाला माल सोडायचा की नाही, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट. यांत पैशांचा निर्णय आहे. तो मालकांचा, आणि तसं स्पष्ट लिहून द्यायचं.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट करता येते, ती म्हणजे काम मुळातच कमी करणं. गोव्यातल्या गोव्यात जाणारी खोकी मी 11 तारखेपर्यंत पोचवून टाकते. चवथीच्या आठवड्यात इथल्या गिऱ्हाइकांचीही दुकानं अर्धी बंदच असतात. उरतात त्या बेळगाव, सावंतवाडी आणि कोल्हापूरच्या गाड्या. चार दिवसांत मिळून सात. सात बिलं सांभाळ म्हणणं आणि 'माझं काम बघ' म्हणणं यांत खूप फरक आहे.

कुणाला आणि कसं विचारायचं

गोव्यात याची एक जुनी, न लिहिलेली रीत आहे. चवथीत ख्रिस्ती सहकारी खिंड लढवतात, नाताळात आपण. माझी सहकारीण सासष्टीची. तिच्या घरी 24 डिसेंबरपासून पाहुणे असतात, तेव्हा तिचं स्टोअर मी बघते. असा सहकारी नसेल तर दीड दिवसाचा गणपती असलेल्या कुणाला विचारावं. यंदा त्यांचं विसर्जन 15लाच होतं आणि 16ला ते कामावर येऊ शकतात. मात्र त्यांना 12 तारीख सांगू नये, त्यांच्याही घरी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायचं असतं.

मी तीन आठवडे आधी विचारते. त्याहून आधी सांगितलं तर विसरलं जातं. उशीर केला तर तिला नाही म्हणायला जागा राहत नाही, आणि नाइलाजाने घेतलेलं काम तसंच होतं. आधी तिला विचारायचं, मग आम्ही दोघींनी मिळून मालकांकडे जायचं, हाही क्रम मी पाळते. उलटं केलं की मालक तिला बोलावून सांगतात, 'हिचं तू बघ.' मग ती विनंती राहत नाही.

विचारताना तारखा, कामाचं माप आणि कामाची हद्द एकदम सांगावी. आमचं बोलणं कोकणीतच झालं, मराठीत ते असं, त्यातले पात्रांव म्हणजे मालक:

'चवथीला मला 12, 16, 17 आणि 18 असे चार दिवस सुट्टी हवी. सात गाड्या आहेत, दिवसाला जास्तीत जास्त दोन. एका गाडीला तुझी चाळीसेक मिनिटं जातील. बिल, ई-वे बिल आणि गेटपास एवढंच. पैशांचं काही आलं तर ते पात्रांवकडे. तुला जमेल का? तुझी महिन्याची स्टॉक मोजणी आहे ना मध्ये?'

'मोजणी 17ला आहे. त्या दिवशी सकाळी मी गोडावनात असणार.'

'मग 17ची गाडी दुपारी दोनला बोलावते. चालेल?'

'दोनला चालेल. पण मागच्या वेळेसारखं ओटीपीचं नको.'

'नाही. या वेळी तुझ्याच मोबाइलवर येईल असं करून देते.'

स्टॉक मोजणीचं मी आधी विचारलं नसतं तर 17ला सकाळी पुन्हा गाडी गेटवर उभी राहिली असती. ज्याला विचारतो त्याचंही स्वतःचं काम त्याच दिवसांत असतं. ते विचारून आपलं वेळापत्रक हलवणं ही विनंती करणाऱ्याची जबाबदारी. तिने नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याला विचारायला मला तीन आठवडे होते, आणि हे मी तिला तेव्हाच सांगितलंही होतं.

मालकांकडे दोघी गेलो तेव्हा मी तीनच गोष्टी मागितल्या: सुट्टीची मंजुरी, सहकारिणीसाठी पोर्टलवर वेगळा आयडी आणि पैशांच्या निर्णयासाठी त्यांनी फोनवर असणं. नंतर हेच एका ओळीच्या मेलमध्ये तिघांना पाठवलं, म्हणजे मागाहून 'मला कुणी सांगितलं नव्हतं' असं होत नाही.

पासवर्ड देऊ नका, तिच्या नावाने आयडी काढून घ्या

यात सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून निदान आठवडाभर आधी हे उरकावं.

ई-वे बिल पोर्टलवर कंपनीचा मुख्य आयडी मालकांच्या नावाने असतो आणि त्याखाली कामगारांसाठी सब-युजर काढता येतात. मालकांनी ewaybillgst.gov.in वर लॉगिन करून User Management मध्ये Create Sub User उघडायचं. तिथे सहकाऱ्याचं नाव आणि त्याचाच मोबाइल नंबर द्यायचा, त्या नंबरवर आलेला ओटीपी टाकायचा, मग कोणती कामं करता येतील त्यावर खुणा करायच्या. ई-वे बिल काढणं आणि रिपोर्ट पाहणं एवढं तिला पुरतं. मास्टरमध्ये बदल करण्याची परवानगी मी तिला दिली नाही. चार दिवसांच्या कामाला ती लागत नाही, आणि गिऱ्हाइकाचा पत्ता चुकून बदलला गेला तर पुढची सगळी बिलं चुकीची निघतील.

वेगळ्या आयडीने ओटीपीचा प्रश्न तर सुटतोच, पण बिल कुणी काढलं हेही कळतं. माझ्या पासवर्डने तिने काढलेलं बिल पोर्टलच्या दृष्टीने मीच काढलेलं असतं. काही चुकलं तर नेमकं काय झालं हे दोघींनाही सिद्ध करता येत नाही. टॅलीतही तिच्या नावाने युजर काढून घेतला, तो आमच्या अकाउंटंटने दहा मिनिटांत दिला. मालकांची डिजिटल सही असलेला पेनड्राइव्हसारखा टोकन मात्र कुणी कुणाकडे देऊ नये. ती सही ज्याची त्याचीच, आणि डिस्पॅचच्या कामाला ती लागतही नाही.

आयडी मिळाल्यावर त्याच दिवशी तिच्या कॉम्प्युटरवरून, तिच्या मोबाइलने एकदा लॉगिन करून पाहायचं. 'मिळाला' आणि 'चालला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे पहिल्या खेपेला मोबाइल नंबरातला एक आकडा चुकीचा पडला होता. तो सुट्टीच्या आठ दिवस आधी कळला म्हणून ठीक.

नोट: एक पान, तिच्या भाषेत

हँडओव्हर नोट लिहिताना माझा एकच नियम असतो. मी फोनवर मिळणार नाही असं धरून लिहायचं. माझी सहकारीण रोमी कोकणी आणि इंग्रजी वाचते, देवनागरीत तिला वेळ लागतो. म्हणून खरी नोट मी साध्या इंग्रजीत लिहिली. घाईच्या वेळी, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असताना, वाचणाऱ्याला अडखळायला लागू नये. इथे तिचा मुख्य भाग मराठीत देते.

> डिस्पॅच: 12, 16, 17, 18 सप्टेंबर 2026. मी 19ला, शनिवारी, सकाळी हजर.
>
> आज कुठे काय आहे (11 सप्टेंबर, संध्याकाळी 5): सगळी जुनी बिलं पूर्ण आहेत. शेवटचा बिल नंबर टेबलावरच्या वहीत लाल पेनाने लिहिला आहे, तुझं बिल त्याच्या पुढच्या नंबरपासून. सावंतवाडीच्या काजू कारखान्याची 400 खोकी पॅक आहेत, 12ला सकाळी 10ची गाडी. त्यांचं बिल मी बनवलेलं नाही, कारण गाडीचा नंबर आलेला नाही.
>
> प्रत्येक गाडीला, याच क्रमाने: पॅकिंग स्लिप हातात घे आणि खोकी मोजल्याची प्रॉडक्शनची सही पाहा. टॅलीत बिल कर. करासकट एकूण रक्कम 50,000च्या वर असेल तर ई-वे बिल काढ. गाडीचा नंबर गाडीवर जाऊन वाच, फोनवर ऐकून लिहू नकोस. बिलाच्या तीन प्रती काढ. ई-वे बिलाची प्रत ड्रायव्हरला दे. मग गेटपास. ई-वे बिलाआधी गेटपास देऊ नकोस.
>
> रोज साडेचारला: ट्रान्सपोर्टवाल्याला दुसऱ्या दिवशीच्या गाडीचा फोन. 15ला आपण बंद आहोत, म्हणून 16च्या गाडीचा फोन 12लाच कर.
>
> कोल्हापूरची गाडी (17, दुपारी 2): बिल कोल्हापूरच्या ऑफिसच्या नावाने, पण माल उतरतो कुडाळला. ई-वे बिलात Bill To मध्ये कोल्हापूर, Ship To मध्ये कुडाळचा पत्ता आणि पिनकोड. जुन्या बिलाची प्रत नोटच्या मागे टाचली आहे, त्यावर दोन्ही जागा पिवळ्या केल्या आहेत.
>
> तू ठरवायचं: गाडी उशिरा आली तर थांबायचं की दुसऱ्या दिवशी बोलवायचं. कोणता माल आधी भरायचा.
>
> पात्रांवना विचारायचं: दर, सूट, उधारी, परत आलेला माल. सावंतवाडीवाल्यांनी जास्त माल मागितला तर आधी फोन, मग माल.
>
> करू नकोस: क्रेडिट नोट. जुन्या बिलात बदल. बिल चुकलं तर ते पुसू नकोस, पात्रांवना सांग आणि वहीत लिही.
>
> मी: रोज सकाळी 8 आणि संध्याकाळी 5 वाजता देवळापाशी नेटवर्कमध्ये असेन. मेसेज टाकून ठेव, त्या वेळी उत्तर देते.

सुरुवातीचा परिच्छेद, 'आज कुठे काय आहे', हा शेवटच्या दिवशी संध्याकाळीच लिहायचा. बाकी नोट आठवडाभर आधी तयार असते, पण अर्धवट राहिलेलं काम शेवटच्या क्षणी बदलतं. 9 तारखेला लिहिलेली स्थिती 12ला खोटी ठरते, आणि तिच्यावर विसंबलं की एकच बिल दोनदा निघतं.

नोटमध्ये न मावणाऱ्या तीन गोष्टी

नोट छोटी ठेवली तरी काही चुका नेमक्या कुठे होतात हे समोर बसून दाखवावं लागतं.

पन्नास हजारांची मर्यादा ही त्यातली मोठी. ही मर्यादा करासकटच्या रकमेवर मोजतात. 16ला बेळगावच्या बेकरीवाल्यांची 1,600 खोकी आहेत, 30 रुपये दराने 48,000. पॅकिंग स्लिप पाहून कुणालाही वाटेल की हे पन्नासच्या आत आहे. पण पुठ्ठ्याच्या खोक्यांवर 22 सप्टेंबर 2025पासून 5 टक्के कर आहे, तो झाला 2,400, आणि बिल होतं 50,400चं. राज्याबाहेर जाणाऱ्या या मालाला ई-वे बिल लागणार. ते नसेल आणि गाडी वाटेत तपासली गेली तर माल अडतो, आणि सोडवायला कराच्या दुप्पट दंड भरावा लागू शकतो. दंडापेक्षा मला जास्त काळजी असते ती घाटात अडकलेल्या ड्रायव्हरची आणि वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाची. म्हणून हे गणित मी तिच्याकडून कॅल्क्युलेटरवर करून घेतलं.

दुसरी गोष्ट म्हणजे काय दुरुस्त होतं आणि काय होत नाही. ई-वे बिलाचे दोन भाग असतात. भाग अ मध्ये गिऱ्हाईक, माल आणि रक्कम, भाग ब मध्ये गाडी. चोर्ले घाटात गाडी बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत भरावा लागला तर भाग ब मध्ये नवा नंबर टाकता येतो, बिल तेच राहतं. पण भाग अ मध्ये रक्कम किंवा पत्ता चुकला तर तो बदलता येत नाही. ते बिल 24 तासांच्या आत रद्द करून नवं काढावं लागतं. म्हणजे शुक्रवारी झालेली चूक मी शनिवारी आल्यावर निवांत पाहीन असं म्हणून चालत नाही. तिला सांगितलं की ई-वे बिल काढलं की लगेच, गाडी गेटमधून जायच्या आधी, टॅलीच्या बिलाशेजारी ठेवून दोन आकडे आणि एक पिनकोड जुळवायचा. अर्धं मिनिट लागतं.

तिसरी मुदतीची. अंतर दोनशे किलोमीटरपर्यंत असेल तर ई-वे बिलाला एक दिवस मिळतो, आणि तो दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. 16ला सकाळी अकराला काढलेलं बेळगावचं बिल 17च्या रात्री बारापर्यंत चालतं. दोनशेच्या पुढच्या प्रत्येक दोनशे किलोमीटरला, किंवा त्याच्या भागाला, आणखी एक दिवस. गाडी येणार म्हणून आदल्या संध्याकाळीच बिल काढून ठेवलं आणि गाडी आलीच नाही, तर या मुदतीतला वेळ फुकट जातो. म्हणून गाडी आवारात उभी राहिल्याशिवाय बिल काढायचं नाही. घड्याळ संपलंच तर मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच, आणि हे काम तिने एकटीने करू नये, ट्रान्सपोर्टवाल्याला सोबत घ्यावं.

शेजारी बसा, हात मांडीवर ठेवा

जायच्या आधीच्या आठवड्यात दोन खऱ्या गाड्यांची बिलं तिच्याकडून तिच्याच आयडीने करून घेतली. मी शेजारी बसले, पण माउसला हात लावला नाही. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. ती चुकीच्या जागी क्लिक करताना दिसली की आपला हात आपोआप पुढे जातो. तो रोखायचा, कारण ती जिथे अडखळते तिथेच माझ्या नोटमध्ये भोक असतं. पहिल्या बिलाला ती थांबली आणि तिने विचारलं, 'ट्रान्सपोर्टर आयडी कुठे आहे?' तो माझ्या डोक्यात होता, नोटमध्ये नव्हता. लगेच लिहिला. दुसऱ्या बिलाला तिने काहीच विचारलं नाही, तेव्हा नोट पुरी झाली असं समजले.

त्याच आठवड्यात गेटवरच्या वॉचमनला, ट्रान्सपोर्टवाल्याला आणि प्रॉडक्शनच्या सुपरवायझरला सांगून ठेवायचं की या चार दिवसांत गेटपासवर तिची सही असेल. तिच्याकडे काम आहे पण अधिकार आहे हे कुणाला माहीत नाही, अशी वेळ आली की तिची सही कुणी मानत नाही, आणि ती बिचारी प्रत्येकाला समजावत बसते. गिऱ्हाइकांना मेल मी स्वतः पाठवते, तिच्या नावासकट. मेलवर लावलेल्या स्वयंचलित उत्तरातही तिचं नाव असतं. पण ते तिला विचारून, कारण मग तिचा फोन वाजणार असतो.

सुट्टीत

सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला मी देवळापाशी जाते, म्हणजे जातेच, मग नेवऱ्यांचं सारण गॅसवर असलं तरी. दोन ठरलेल्या वेळा असल्या की मधल्या काळात तिला माझी वाट पाहावी लागत नाही. आणि मलाही घुमट-आरतीच्या मध्ये फोन हातात धरावा लागत नाही. तिने विचारलेलं तेवढंच सांगायचं. 'ते असं नाही, मी असं करते' हे टाळावं. तिने गाड्यांचा क्रम बदलला तर बदलू द्यावा. तो निर्णय नोटमध्ये मीच तिला दिला आहे.

परत आल्यावर

शनिवारी मी अर्धा तास लवकर येते आणि तिच्याबरोबर बसून सात बिलं एकेक करून पाहते: बिल, ई-वे बिल, गेटपास. काही चुकलेलं दिसलं तर आधी पाहायचं की नोटमध्ये ते लिहिलं होतं का. बहुतेक वेळा नसतं. जे चुकलं ते मी दुरुस्त करते, आणि गिऱ्हाइकाला फोनही मीच करते. चार दिवसांचं काम तिने केलं, पण ते खातं माझंच आहे. मग मालकांना सांगून पोर्टलवर Freeze Sub User मधून तिचा आयडी गोठवायचा. टॅलीचा युजरही बंद. यात तिच्यावरचा अविश्वास नाही. वापरात नसलेला आयडी उघडा राहिला आणि त्यातून कुणी काही केलं, तर नाव तिचं लागेल.

शेवटी दोघींनी मिळून नोटच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं, काय नव्हतं, काय जास्त होतं. 'दुपारच्या पाळीच्या वॉचमनला पण सांग,' हे गेल्या नाताळातल्या नोटवर तिने लिहिलेलं वाक्य यंदा माझ्या यादीत वर आहे. नोट फाइलमध्ये जाते, तिच्या मागे स्टोअरची कोरी नोट टाचलेली असते. 24, 26 आणि 28 डिसेंबर या तारखा तिने त्यावर आत्ताच पेन्सिलीने लिहून ठेवल्या आहेत. मी पानांत गुंडाळलेल्या नेवऱ्या तिच्या टेबलावर ठेवते आणि तिच्याकडून चाव्या घेते.